यांत्रिक वाटणारा परिच्छेद पुन्हा कसा लिहावा: एका मसुद्यावर काम करताना

प्रकल्प अहवालाचा किंवा लघुप्रबंधाचा पहिला मसुदा अनेकदा असा असतो की व्याकरणात चूक सापडत नाही, शब्द जड आणि ‘शैक्षणिक’ असतात, आणि तरीही एक विद्यार्थी आपल्याला काहीतरी सांगतो आहे असं वाटत नाही. मग मार्गदर्शक ‘भाषा सहज करा’ एवढाच शेरा मारतात आणि विद्यार्थी शब्दांची अदलाबदल करत बसतो. ‘महत्त्वपूर्ण’च्या जागी ‘मोलाचे’ येतं, वाक्य मात्र होतं तसंच राहतं.

माझं मत असं आहे की अशा वाक्यांचा ताठरपणा शब्दांमध्ये क्वचितच असतो. कोणी काय केलं आणि ते कशावरून कळलं, हे वाक्यातून निसटलेलं असतं आणि त्या रिकाम्या जागेत जड शब्द भरलेले असतात. त्यामुळे दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते. हे एका परिच्छेदावर करून दाखवतो. परिच्छेद आणि त्यातले आकडे उदाहरणासाठी बनवलेले आहेत, पण अशी वाक्यं तुम्ही वाचली असतील, कदाचित लिहिलीही असतील.

मूळ मसुदा:

“आजच्या आधुनिक डिजिटल युगामध्ये विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक जीवनात स्क्रीनवरील वाचन एक अत्यंत महत्त्वपूर्ण भूमिका बजावत आहे. प्रस्तुत अभ्यासाच्या माध्यमातून विद्यार्थ्यांच्या वाचनविषयक सवयींचे सखोल विश्लेषण करण्यात आले आहे. यासाठी एकूण ४० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावलीद्वारे माहितीचे संकलन करण्यात आले. प्राप्त माहितीच्या विश्लेषणावरून असे दिसून येते की २६ विद्यार्थ्यांद्वारे परीक्षेच्या तयारीसाठी छापील पुस्तकांना प्राधान्य दिले जाते, जे हे दर्शवते की छापील साहित्य केवळ उपयुक्तच नाही तर अपरिहार्य देखील आहे. याव्यतिरिक्त, स्क्रीनवरील वाचनामध्ये लक्ष विचलित होणे, डोळ्यांवर ताण येणे आणि आकलनात अडथळा निर्माण होणे अशी अनेक आव्हाने आहेत, ज्यांचा विद्यार्थ्यांवर नकारात्मक परिणाम होतो.”

पहिली पायरी: समासात तीन प्रश्न

लगेच काहीही बदलू नका. मसुदा कागदावर छापून घ्या, डावीकडे रुंद समास ठेवा आणि प्रत्येक वाक्यासमोर तीन गोष्टी लिहा: कोणी, काय केलं, कशावरून. ही उत्तरं साध्या बोलीत लिहायची, मसुद्यातले शब्द वापरायचे नाहीत.

वरच्या परिच्छेदावर हे करून बघा. पहिल्या वाक्यासमोर काहीच लिहिता येत नाही. भूमिका बजावणारं आहे ‘वाचन’, ती कोणती भूमिका आहे हे सांगितलेलं नाही आणि कशावरून हेही नाही. दुसऱ्या वाक्यासमोर ‘मी, सवयी तपासल्या’ एवढंच येतं. कोणत्या सवयी, हे नाही. तिसऱ्यासमोर ‘मी ४० जणांकडून फॉर्म भरून घेतले’ असं छान उत्तर मिळतं. चौथ्यात दोन वेगळी उत्तरं निघतात: ‘२६ जण म्हणाले परीक्षेला पुस्तक बरं’ आणि ‘मी म्हणतो पुस्तकाशिवाय चालणार नाही’. पाचव्यासमोर तीन तक्रारी आहेत, पण त्या कोणी केल्या हे कुठेच नाही.

आता प्रत्येक वाक्याचं काय करायचं ते ठरतं. उत्तर आहे पण ते वाक्यात दडलं आहे, तिथे वाक्य पुन्हा लिहायचं. उत्तरच नाही, तिथे आपल्या नोंदींकडे परत जायचं. नोंदींतही ते सापडलं नाही, तर वाक्य काढून टाकायचं. रिकामं वाक्य कितीही घोटलं तरी रिकामंच राहतं, आणि नवशिक्यांचा सगळा वेळ नेमका तिथे जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. दुसऱ्याचं किंवा दुसरीकडून उचललेलं लिखाण ओळखू येऊ नये म्हणून ही पद्धत वापरू नका. ते वाक्य बदलल्याने तुमचं होत नाही, आणि ‘कशावरून’चं उत्तर तुमच्याकडे नसल्यामुळे तोंडी परीक्षेत ते लगेच उघडं पडतं.

दुसरी पायरी: नोंदींकडे परत

आपल्या विद्यार्थ्याकडे एका महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या ४० विद्यार्थ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या आहेत. त्यात दोन मुख्य प्रश्न होते: रोजचं वाचन मुख्यतः कशावर करता, आणि परीक्षेची तयारी कशावरून करता. पहिल्या प्रश्नाला ३१ जणांनी ‘मोबाइल’ असं उत्तर दिलं आहे, दुसऱ्याला २६ जणांनी ‘छापील पुस्तक’. मसुद्यात फक्त दुसरा आकडा आला, पहिला गळला. खरी गोष्ट तर या दोन आकड्यांच्या मध्ये आहे. ३१ आणि २६ मिळून ५७ होतात आणि विद्यार्थी आहेत ४०. म्हणजे किमान १७ जणांनी दोन्ही उत्तरं दिलेली असणारच. नेमके किती हे प्रश्नावल्या पुन्हा चाळून मोजावं लागेल. समजा मोजल्यावर १९ निघाले.

हा आकडा हाती आला की परिच्छेदाला सांगण्यासारखं काहीतरी मिळतं: एरवी मोबाइलवर वाचणारी मुलं परीक्षा आली की पुस्तकाकडे वळतात. ‘आधुनिक डिजिटल युग’ लिहिण्याची गरज मग राहत नाही, कारण ते सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणूनच लिहिलं होतं.

तसंच पाचव्या वाक्याचं. पुस्तक का निवडलं, असा एक खुला प्रश्न होता. २६ पैकी ११ जणांनी मोबाइलवर मध्येच सूचना येतात असं लिहिलं आहे, तिघांनी डोळे दुखतात असं. आकलनाबद्दल प्रश्नावलीत काही विचारलेलंच नाही. म्हणजे ‘आकलनात अडथळा’ केवळ यादीत तीन गोष्टी हव्यात म्हणून आला होता. तीन-तीनच्या याद्या मसुद्यात दिसल्या की प्रत्येक वेळी तिसऱ्या गोष्टीचा पुरावा शोधा. बऱ्याचदा तो नसतो.

तिसरी पायरी: क्रियापद मोकळं करा

आता वाक्यरचना. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा असं मला वाटतं, कारण मराठीतला ताठरपणा बहुतेक वेळा क्रियापदात असतो.

‘माहितीचे संकलन करण्यात आले’ या वाक्यात खरी क्रिया ‘गोळा करणे’ ही आहे. तिचं आधी ‘संकलन’ हे नाम केलं, मग नामाला आधार हवा म्हणून ‘करणे’ जोडलं, आणि कर्ता लपवायचा म्हणून ‘-ण्यात आले’. एका क्रियेसाठी तीन थर झाले. ते उलट क्रमाने सोलायचे: संकलन करण्यात आले, संकलन केले, माहिती गोळा केली. ‘विश्लेषण करण्यात आले’, ‘वापर करण्यात येतो’, ‘निवड करण्यात आली’, ‘वाढ झाल्याचे दिसून येते’ या सगळ्यांना हीच पद्धत लागू पडते: तपासले, वापरतात, निवडले, वाढले.

इथे एका गैरसमजाबद्दल थांबून बोलायला हवं. इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांतला ‘पॅसिव्ह टाळा’ हा सल्ला विद्यार्थी मराठीला जसाच्या तसा लावतात. पण ‘विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली’ हे वाक्यही कर्मणी प्रयोगातलंच आहे. क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत नाही, ‘प्रश्नावली’प्रमाणे चालतं. भूतकाळातलं हे आपलं रोजचं बोलणं आहे आणि त्यात ताठर काही नाही. खटकतात त्या ‘विद्यार्थ्यांद्वारे प्राधान्य दिले जाते’ किंवा ‘संशोधकाकडून निवड केली गेली’ अशा रचना. कर्ता माहीत आहे, वाक्यात हजरही आहे, आणि तरी त्याला ‘द्वारे’ किंवा ‘कडून’ लावून बाजूला उभं केलं आहे. ‘विद्यार्थी पुस्तकाला पसंती देतात’ म्हटलं की झालं.

मग प्रश्न येतो: ‘मी’ लिहू का? काही विभागांत ‘मी’ चालतो, काहींत ‘प्रस्तुत संशोधकाने’ असंच लिहावं लागतं. तुमच्या मार्गदर्शकांना विचारा आणि संपूर्ण प्रबंधात एकच ठेवा. मात्र मराठीत तिसरी वाटही आहे आणि ती फार सोयीची आहे. कर्ता उघड असेल तर तो सरळ गाळता येतो: ‘४० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली.’ कोणी भरून घेतली हे प्रत्येकाला कळतं. ‘मी’ही नाही आणि ‘-ण्यात आली’ही नाही. पद्धतीच्या प्रकरणातली बरीच वाक्यं अशी लिहिता येतात.

‘-ण्यात आले’ पूर्णपणे हद्दपार करू नका. ‘त्या वर्षी अभ्यासक्रम बदलण्यात आला’ यात कोणी बदलला हा मुद्दा नाही, म्हणून रचना योग्य आहे. एका पानावर ती एक-दोनदा आली तर कोणाला जाणवतही नाही. सलग चार वाक्यांचा शेवट तिने झाला की कार्यालयीन परिपत्रक वाचतोय असं वाटतं.

क्रियापद मोकळं केलं की चा-ची-चेच्या साखळ्याही आपोआप सुटतात. ‘विद्यार्थ्यांच्या वाचनाच्या सवयींच्या बदलाच्या कारणांचा अभ्यास’ यात ‘बदल’ या नामाला परत क्रियापद करा: ‘विद्यार्थ्यांच्या वाचनाच्या सवयी का बदलल्या याचा अभ्यास’. षष्ठीची दोनापेक्षा जास्त रूपं एकापाठोपाठ आली की आत एखादं क्रियापद अडकलं आहे असं समजावं.

चौथी पायरी: शेपटी कापा, नातं दाखवा

चौथ्या वाक्यातलं ‘जे हे दर्शवते की’ ही शेपटी आहे. मुख्य विधान संपल्यावर ‘जे’, ‘ज्यामुळे’, ‘ज्यामध्ये’, ‘ज्यांचा’ लावून वाक्य पुढे ओढणं मराठीच्या चालीला मानवत नाही. आपल्याकडे ‘जो-तो’ची जोडी असते आणि ‘जो’ सहसा आधी येतो: ‘जे विद्यार्थी रोज मोबाइलवर वाचतात, त्यांतले बरेच जण...’. किंवा धातुसाधित वापरतात: ‘मध्येच येणाऱ्या सूचना’, ‘मोबाइलवर वाचणारे विद्यार्थी’. ‘हा एक असा घटक आहे जो निकालावर परिणाम करतो’ याचं ‘या घटकाचा निकालावर परिणाम होतो’ होतं. त्यातला ‘एक’ही गेला, कारण त्याचं काही काम नव्हतं.

शेपटी कापताना एक जोखीम असते. वाक्यात संदर्भ दिलेला असेल, म्हणजे कंसात लेखक आणि वर्ष, तर वाक्याचे दोन तुकडे केल्यावर तो संदर्भ कोणत्या तुकड्याचा हे ठरवावं लागतं. मूळ लेखकाने सांगितलेली गोष्ट पहिल्या तुकड्यात आहे आणि दुसरा तुकडा तुमचा निष्कर्ष आहे, अशी बरीच उदाहरणं असतात. संदर्भ चुकून निष्कर्षाला चिकटला, तर न बोललेली गोष्ट त्या लेखकाच्या तोंडी जाते. मूळ स्रोत उघडून ताडून पाहिल्याशिवाय असं वाक्य तोडू नये.

वाक्यं तोडल्यावर ती जोडणार कशी? मसुद्यात ‘याव्यतिरिक्त,’ आहे, म्हणजे नुसती आणखी एक गोष्ट. दोन वाक्यांचं नातं काय आहे ते स्वतःला विचारा. विरोध असेल तर ‘मात्र’, खुलासा असेल तर ‘म्हणजे’, तुलना असेल तर ‘तर’. आणि ‘मात्र’, ‘तर’ हे शब्द वाक्याच्या तोंडाशी स्वल्पविराम देऊन बसवायचे नसतात. ज्या शब्दावर भर द्यायचा, त्याच्या लगेच नंतर ते येतात: ‘परीक्षेच्या तयारीसाठी मात्र २६ जणांनी...’. इथे ‘मात्र’ रोजचं वाचन आणि परीक्षा यांतला फरक दाखवतो. तोच वाक्याच्या सुरुवातीला टाकला तर कशाचा विरोध कशाशी आहे ते धूसर होतं. पुष्कळदा नातं इतकं उघड असतं की जोडशब्दच लागत नाही. तेव्हा लावू नका.

पाचवी पायरी: दावा पुराव्याएवढाच

‘छापील साहित्य अपरिहार्य आहे’ हा दावा २६ उत्तरांवर उभा राहत नाही. पसंती वेगळी आणि अपरिहार्यता वेगळी. ‘केवळ उपयुक्तच नाही तर अपरिहार्य देखील’ या साच्यात दुसरा शब्द पहिल्यापेक्षा मोठा असावाच लागतो, त्यामुळे साचाच लिहिणाऱ्याला अतिशयोक्तीकडे ढकलतो.

‘सिद्ध होते’ हा शब्दप्रयोग छोट्या सर्वेक्षणात वापरू नये. ‘दिसते’ बहुतेक ठिकाणी पुरेसं असतं. उलट टोकाला जाऊन ‘कदाचित अशी शक्यता असू शकते’ असंही लिहू नका. ‘कदाचित’, ‘शक्यता’ आणि ‘असू शकते’ तिन्ही तेच सांगतात, त्यातलं एकच ठेवा.

आता पूर्ण परिच्छेद असा होतो:

“पहिल्या वर्षाचे विद्यार्थी रोजचे वाचन आणि परीक्षेची तयारी यांसाठी वेगवेगळी माध्यमे निवडतात का, हे या अभ्यासात तपासले. त्यासाठी एका महाविद्यालयातील ४० विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली. रोजचे वाचन मुख्यतः मोबाइलवर करतो, असे ३१ जणांनी सांगितले. परीक्षेच्या तयारीसाठी मात्र २६ जणांनी छापील पुस्तकाला पसंती दिली. या २६ पैकी १९ जण एरवी मोबाइलवरच वाचणारे आहेत. पुस्तक का निवडले, या प्रश्नाच्या उत्तरात ११ जणांनी मोबाइलवर मध्येच येणाऱ्या सूचनांचा उल्लेख केला, तर तिघांनी डोळ्यांवरील ताणाचा. एवढ्या लहान गटावरून सर्वसाधारण निष्कर्ष काढता येणार नाही; परंतु या विद्यार्थ्यांमध्ये तरी माध्यमाची निवड वाचनाच्या हेतूनुसार बदलते, असे दिसते.”

यात अवघड किंवा देखणा शब्द एकही नाही, तरीही हे शैक्षणिक लेखनच आहे. ‘माध्यम’, ‘प्रश्नावली’, ‘निष्कर्ष’ हे विषयाचे शब्द जागच्या जागी आहेत. ‘देखील’ आणि ‘अत्यंत’ गेले ते त्यांच्यावर बंदी आहे म्हणून नाही, त्यांना करायला काही उरलं नाही म्हणून.

दुरुस्ती जास्त झाली तर

सहज लिहायचं म्हणजे गप्पांसारखं लिहायचं, असं समजून काही जण दुसऱ्या बाजूला घसरतात. ‘मुलं पुस्तकच बरं म्हणतात’ हे समासातल्या नोंदीत ठीक आहे, अहवालात नाही. ‘केले, झाले, होते’ आणि ‘केलं, झालं, होतं’ यांच्या सरमिसळीकडे विशेष लक्ष ठेवा. मी हा लेख बोलण्याच्या जवळच्या रूपांत लिहितो आहे, पण प्रबंधात ‘केले, झाले’ हीच रूपं अपेक्षित असतात. समासातली वाक्यं मसुद्यात आणताना एखादं ‘वाटतं’ किंवा ‘पुस्तकं’ हमखास तसंच राहून जातं. विद्यार्थ्यांची उत्तरं अवतरणात देत असाल तर ती मात्र त्यांनी लिहिली तशीच ठेवा.

दुसरी घसरण समानार्थी शब्दांची. एकाच परिच्छेदात ‘प्रतिसादक’, मग ‘सहभागी’, मग ‘उत्तरदाते’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला हे तीन वेगळे गट वाटतात. पारिभाषिक शब्द एकदा निवडला की शेवटपर्यंत तोच. त्याची पुनरावृत्ती खटकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मुद्दाम केलेली लहान-मोठी वाक्यं. एक लांब, मग एक अगदी तोकडं, असा हिशेब लावून लिहिलेला परिच्छेद नव्याने यांत्रिक वाटतो. वाक्याची लांबी त्यात काय सांगायचं आहे त्यावरून ठरू द्या.

हे ओळखायचं कसं? परिच्छेद मोठ्याने वाचा, शक्यतो विषय माहीत नसलेल्या सहाध्यायाला वाचून दाखवा. मग त्याला विचारा: ‘यात कोणी काय केलं ते सांग.’ तो समासातल्या तुमच्या उत्तराच्या जवळपास बोलला तर परिच्छेद जमला. तो ‘काहीतरी वाचनाच्या सवयींबद्दल आहे’ असं म्हणाला, तर तिसऱ्या पायरीकडे परत जावं लागेल. वाचताना तुमचा श्वास ज्या जागी अडतो, तिथे बहुतेक वेळा शेपटी किंवा षष्ठीची साखळी सापडते. त्या जागेवर लगेच पेन्सिलने खूण करा.

सगळ्यात शेवटी भाषा बाजूला ठेवून फक्त आकडे आणि संदर्भ ताडा. नव्या परिच्छेदातला प्रत्येक आकडा प्रश्नावल्यांशी जुळतो का, मूळ मसुद्यातला एखादा संदर्भ गळला का, एखादं ‘काही’ चुकून ‘बहुतेक’ झालं का, हे बघा. वाक्य वाचायला गोड व्हावं म्हणून अर्थ सरकतो तो इथेच.

पूर्ण प्रबंधावर काम करायचं असेल तर प्रस्तावनेपासून सुरुवात करू नका. निष्कर्षांचं प्रकरण आधी घ्या, कारण तिथे ‘कशावरून’चं उत्तर हाताशी असतं आणि पद्धत लवकर अंगवळणी पडते. त्यानंतर पद्धतीचं प्रकरण, मग पूर्वसंशोधनाचा आढावा. प्रस्तावना शेवटी घ्यावी. तोवर अभ्यासातून नेमकं काय निघालं हे तुम्हाला स्वतःलाच इतकं स्पष्ट झालेलं असतं की ‘आजच्या आधुनिक युगामध्ये’ने सुरू होणारं पान बहुतेक वेळा पूर्ण काढून नव्याने लिहिणं सोपं जातं.